पाकीट, पेटी आणि प्लास्टिकचे कवच : पोकेमॉनचे खरे कार्ड कसे ओळखावे

दिवाळीत मिळालेल्या पैशांतून माझ्या भाच्याने पोकेमॉनच्या पंचावन्न सोनेरी कार्डांचा एक डबा ऑनलाइन मागवला आणि तो उघडताच थेट माझ्याकडे घेऊन आला. त्यातले चारिझार्ड या पोकेमॉनचे कार्ड काढून त्याने विचारले, "मामा, हे केवढ्याला जाईल?" त्या डब्यातले एकही कार्ड खरे नव्हते. सोनेरी प्लास्टिकच्या पंचावन्न कार्डांचा डबा पोकेमॉन कंपनीने कधीच काढलेला नाही. 2021 साली पंचविसाव्या वर्षाच्या निमित्ताने निघालेल्या एका महागड्या पेटीत पिकाचू आणि चारिझार्ड यांची धातूची दोन सोनेरी कार्डे होती, पण ती दोनच आणि धातूची. आपल्याकडे शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांतून आणि मोठ्या संकेतस्थळांवरून जी सोनेरी कार्डे विकली जातात, ती सरसकट बनावट असतात आणि ती ओळखायला कोणत्याही साधनाची गरज लागत नाही.

खरी अडचण त्याच्या पुढची आहे. खऱ्यासारखाच कागद, खऱ्यासारखेच पाकीट आणि खऱ्यासारखेच प्रमाणपत्र घेऊन जो माल येतो, तो ओळखताना वर्षानुवर्षे संग्रह करणारी माणसेही फसतात. ही कार्डे तीन रूपांत विकत मिळतात. पहिले रूप म्हणजे सुटे कार्ड, दुसरे म्हणजे न उघडलेले पाकीट किंवा पेटी, आणि तिसरे म्हणजे एखाद्या संस्थेने तपासून, गुण देऊन, प्लास्टिकच्या कवचात कायमचे बंद केलेले कार्ड. ग्राहकाला वाटते की एकेका पायरीगणिक धोका कमी होत जातो. माझा अनुभव असा की धोका फक्त जागा बदलतो. सुट्या कार्डात कागद आणि छपाई तपासावी लागते, पाकिटात चिकटवण तपासावी लागते आणि कवचात त्यावरचा क्रमांक तपासावा लागतो. प्रत्येक आवरण हीच नक्कल करण्याची नवी जागा असते.

हा खेळ आणि त्याची पाकिटे

पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ जपानमध्ये ऑक्टोबर 1996 मध्ये सुरू झाला. इंग्रजी आवृत्ती विझर्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीने जानेवारी 1999 मध्ये आणली. याच कंपनीने 1993 साली 'मॅजिक : द गॅदरिंग' काढून हा सगळा प्रकार जन्माला घातला होता. कार्डे बंद पाकिटात विकायची, आत काय निघेल हे कोणालाच ठाऊक नसायचे आणि काही कार्डे मुद्दामच कमी छापायची, ही त्यातली मूळ कल्पना होय. खेळायचे असेल तर कार्डांचा संच जमवावा लागतो आणि संच जमवायचा असेल तर पाकिटे फोडावी लागतात किंवा हवे ते कार्ड दुसऱ्याकडून विकत घ्यावे लागते. दुर्मीळ कार्डांचा बाजार यातूनच उभा राहिला.

कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात एक अपूर्णांक छापलेला असतो. पहिल्या इंग्रजी संचातील चारिझार्डवर 4/102 असे लिहिलेले आहे, म्हणजे 102 कार्डांच्या संचातले चौथे. हा आकडा वाचता येणे ही खरेदीची पहिली पायरी आहे. सप्टेंबर 2023 मध्ये इंग्रजीत '151' नावाचा संच निघाला आणि त्यातले एक चारिझार्ड 199/165 या क्रमांकाचे आहे. वरचा आकडा खालच्यापेक्षा मोठा असेल तर ते कार्ड संचाच्या नेहमीच्या मोजणीबाहेरचे, म्हणजे सहसा दुर्मीळ, असे समजावे. याच संचात 6/165 क्रमांकाचेही एक चारिझार्ड आहे. नाव तेच, ताकदही तीच, पण चित्र वेगळे आणि किमतीत जमीनअस्मानाचा फरक. विक्रेता फक्त "151 मधले चारिझार्ड" असे म्हणत असेल तर त्याला आधी क्रमांक विचारावा.

सुटे कार्ड : कागदाची आणि शाईची परीक्षा

भाच्याला मी जे करून दाखवले तेच इथे क्रमाने सांगतो. त्यासाठी तीन वस्तू पुरतात. एक मोबाइलची विजेरी, दुसरे दहापट मोठे दाखवणारे भिंग, जसे सोनार वापरतात तसे, आणि तिसरी वस्तू सर्वांत महत्त्वाची : निःसंशय खरे असलेले, शक्यतो त्याच काळातले एक साधे कार्ड. खात्रीच्या दुकानातून घेतलेल्या एखाद्या पाकिटातले अगदी सामान्य कार्ड चालते. तुलनेला खरे कार्ड हाती नसताना केलेली कोणतीही परीक्षा अंदाजापलीकडे जात नाही.

सर्वांत आधी मी कार्डाची कड पाहतो. पोकेमॉनचे कार्ड हा एकसंध पुठ्ठा नसतो. कागदाच्या दोन थरांच्या मधोमध काळसर रंगाचा अतिशय पातळ थर असतो, जेणेकरून उजेडात धरल्यावर पलीकडचे चित्र दिसू नये. कार्ड कडेने डोळ्यांसमोर धरले तर ही काळी रेघ केसासारखी दिसते. स्वस्त नकलेत ती नसते, कड आरपार पांढरी असते. याच कारणामुळे मागे विजेरी धरली की खरे कार्ड उजेड बराचसा अडवते आणि नकली कार्ड कंदिलासारखे उजळते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. निरनिराळ्या वर्षांच्या आणि निरनिराळ्या छापखान्यांच्या खऱ्या कार्डांतूनही उजेड कमीअधिक येतो, आणि हल्लीच्या चांगल्या नकलांत काळा थरही घातलेला असतो. म्हणून ही परीक्षा नापास करण्यासाठी उपयोगी आहे, पास करण्यासाठी नाही.

नंतर भिंग. खरी कार्डे ऑफसेट पद्धतीने छापली जातात, म्हणजे चित्रातला प्रत्येक रंग निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा या चार शाईंच्या बारीक ठिपक्यांतून तयार होतो आणि हे ठिपके भिंगाखाली लहान लहान फुलांसारख्या नक्षीत मांडलेले दिसतात. अक्षरांचे मात्र तसे नसते. कार्डावरचा काळा मजकूर एकट्या काळ्या शाईने छापलेला असतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार आणि आतला भाग भरीव काळा दिसतो. नक्कल करणाऱ्याने खऱ्या कार्डाचे छायाचित्र घेऊन ते पुन्हा छापलेले असते. त्याच्या दृष्टीने चित्र आणि अक्षरे हे सारे एकच चित्र असल्यामुळे त्याची अक्षरेसुद्धा रंगीत ठिपक्यांची बनतात आणि त्यांच्या कडा फिसकटलेल्या दिसतात. भाच्याने भिंगातून आधी माझ्या कार्डावरचा हल्ल्याच्या नावाचा मजकूर पाहिला आणि मग मी कधीकाळी अभ्यासासाठी ठेवलेल्या एका बऱ्यापैकी नकलेवरचा पाहिला. दुसऱ्या कार्डावरच्या प्रत्येक अक्षराभोवती गुलाबी-निळी धूळ सांडल्यासारखी दिसत होती. एकदा ही धूळ पाहिली की पुन्हा शिकवावे लागत नाही.

तिसरी परीक्षा पृष्ठभागाची आहे आणि ती नव्या महागड्या कार्डांना लागू पडते. 199/165 सारख्या कार्डांवर बोटांच्या ठशासारख्या बारीक उंचसखल रेषा उमटवलेल्या असतात. या रेषा चित्राच्या आकारानुसार वळतात. ज्वाळा जिकडे जाते तिकडे रेषा जातात. कार्ड उजेडाला तिरके धरून हळूहळू फिरवले की त्या हलताना दिसतात आणि नखाने हलकेच स्पर्श केला तर जाणवतात. नकली कार्ड बहुधा गुळगुळीत असते, किंवा त्यावर सगळीकडे एकाच दिशेच्या, चित्राशी संबंध नसलेल्या रेषा असतात. उलट जुन्या कार्डांना ही परीक्षा लावू नये. 1999 च्या चारिझार्डवर असा पोत नसतोच, त्यात फक्त चित्राची चौकट चमकते. चौकटीबाहेरचा पिवळा काठही चमकत असेल तर ते कार्ड त्या संचातले नाही.

याखेरीज काही खुणा अशा असतात की इतिहास ठाऊक असेल तर त्या लांबूनही दिसतात. मार्च 2023 पासून इंग्रजी कार्डांचा पिवळा काठ जाऊन करडा आला, त्यामुळे त्यानंतरच्या संचातले साधे कार्ड पिवळ्या काठाचे असेल तर ते नकली होय. पहिल्या इंग्रजी संचातील सुरुवातीच्या कार्डांवर चित्राच्या चौकटीच्या उजव्या बाजूला सावली नव्हती, ती नंतरच्या छपाईत आली. 'पहिली आवृत्ती' असा काळा शिक्का त्या संचात बिनसावलीच्या कार्डांवरच पडलेला आहे आणि याला अपवाद एकट्या माचॅम्पचा. सावली असलेल्या चारिझार्डवर हा शिक्का दिसला तर कार्ड खरे असूनही शिक्का नंतर कोणीतरी मारलेला आहे असे खुशाल समजावे. खऱ्या कार्डावर खोटा शिक्का मारणे ही मला सगळ्यांत वाईट लबाडी वाटते, कारण कागद आणि छपाईच्या साऱ्या परीक्षा ते कार्ड उत्तीर्ण होते.

कार्ड वाकवून किंवा फाडून पाहण्याचे सल्ले अनेकजण देतात. ते मानू नयेत. वाकवलेल्या खऱ्या कार्डाची किंमत त्या क्षणी उतरते.

सीलबंद पाकीट : आत काय आहे हे कोणाला ठाऊक असू शकते

पाकीट सीलबंद आहे याचा अर्थ आतले कार्ड कोणीच पाहिलेले नाही, असा आपला समज असतो. तो तीन कारणांनी चुकीचा ठरू शकतो.

पहिले कारण वजनाचे. जुन्या इंग्रजी पाकिटांत अकरा कार्डे असत आणि प्रत्येकात एक दुर्मीळ कार्ड असे, पण ते चमकदार असेलच असे नाही. चमकदार कार्डातला धातूचा पातळ पापुद्रा त्याला किंचित जड करतो आणि एका ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा तराजू हा फरक दाखवू शकतो. त्यामुळे 1999 किंवा 2000 सालचे सुटे पाकीट आज कोणी विकत असेल तर ते एव्हाना कोणाच्या ना कोणाच्या तराजूवरून गेलेले आहे असेच धरून चालावे. जड पाकिटे बाजूला काढून महाग विकली जातात आणि हलकी पाकिटे "नशीब आजमावा" म्हणून पुढे सरकवली जातात. 2023 नंतरच्या इंग्रजी पाकिटांत निदान तीन चमकदार कार्डे असतातच, त्यामुळे तिथे वजनाची युक्ती फारशी चालत नाही. मात्र 2024 मध्ये अमेरिकेत औद्योगिक सीटी स्कॅन यंत्रातून न उघडलेल्या पाकिटातली कार्डे ओळखून दाखवण्यात आली. असा स्कॅन प्रत्येक साध्या पाकिटासाठी परवडणारा नाही, पण जुन्या आणि लाखमोलाच्या पाकिटांच्या बाबतीत ही शंका आता कायमची मागे लागली आहे.

दुसरे कारण साध्या हिशेबाचे आहे आणि नवख्या ग्राहकाचे पैसे बहुतेक इथेच जातात. इंग्रजी बूस्टर पेटीत छत्तीस पाकिटे असतात. समजा, एका विक्रेत्याने पेटी उघडली आणि एकेक पाकीट फोडत गेला. बाविसाव्या पाकिटात त्याला पेटीतले सर्वांत मोठे कार्ड मिळाले. आता उरलेल्या चौदा पाकिटांत तितकेच मोठे आणखी एक कार्ड निघण्याची शक्यता त्याच्या मते फार कमी आहे. ती चौदा पाकिटे तो सुटी विकतो. त्या पाकिटांना कोणी हात लावलेला नाही, चिकटवण जशीच्या तशी आहे, तपासणीत काहीही वावगे सापडणार नाही आणि तरीही ग्राहकाने पूर्ण पाकिटाची किंमत देऊन उरलासुरला माल घेतलेला असतो. म्हणून ओळख नसलेल्या माणसाकडून सुटी पाकिटे घेऊ नयेत. घ्यायचीच असतील तर अख्खी बंद पेटी घ्यावी, किंवा दुकानदाराने आपल्यासमोर पेटी फोडून त्यातून दिलेले पाकीट घ्यावे.

फोडून पुन्हा चिकटवलेले पाकीट हे तिसरे कारण. कारखान्यातल्या पाकिटाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला यंत्राने दाबलेल्या समांतर उभ्या चुण्या असतात. त्या एकसारख्या खोल असतात आणि टोकापासून टोकापर्यंत अखंड जातात. पाकीट उष्णतेने किंवा गोंदाने पुन्हा चिकटवले असेल तर चुण्या कुठेतरी सपाट होतात, कडेला चकचकीत गोंदाचा ओघळ राहतो किंवा मागची उभी शिवण थोडी वाकडी जाते. पाकीट उघडल्यावरही कळू शकते. अलीकडच्या इंग्रजी पाकिटात चार सामान्य, तीन मध्यम आणि तीन चमकदार अशी दहा कार्डे, सोबत एक ऊर्जेचे कार्ड आणि ऑनलाइन खेळात वापरायच्या संकेतांकाचे एक कार्ड असते. यात तीन चमकदार कार्डे नसतील, किंवा संकेतांकाचे कार्ड गायब असेल, तर पाकीट आधी कोणीतरी उघडलेले होते. म्हणूनच पाकीट फोडताना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसलग चित्रफीत काढावी, म्हणजे तक्रारीला आधार राहतो.

काही नकला तर मुळातल्या वस्तूच्या माहितीवरच कोसळतात. '151' या संचाची छत्तीस पाकिटांची इंग्रजी पेटी कंपनीने काढलेलीच नाही. तो विशेष संच होता आणि त्याची पाकिटे निरनिराळ्या भेटपेट्यांतून आणि सहा पाकिटांच्या छोट्या गठ्ठ्यांतून आली. त्यामुळे '151' ची छत्तीस पाकिटांची इंग्रजी पेटी कोणी स्वस्तात देऊ लागला तर ती तपासत बसण्याची गरजच नाही. जपानी '151' ची पेटी मात्र खरी असते. तिच्यात सात कार्डांची वीस पाकिटे असतात. त्यामुळे कोणत्याही संचाच्या बाबतीत पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात : या भाषेत या संचाची पेटी निघाली होती का, आणि तिच्यात किती पाकिटे असायला हवीत.

आवरण किती दगा देऊ शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेत 2022 च्या जानेवारीत जगजाहीर झाले. लोगन पॉल या प्रसिद्ध यूट्यूबरने पहिल्या संचाच्या, पहिल्या आवृत्तीच्या सहा बूस्टर पेट्या असलेला म्हटला जाणारा एक बंद खोका 35 लाख डॉलरला घेतला. एका जाणकार संस्थेने तो आधी खरा ठरवलेला होता. संग्राहकांनी त्याच्या छायाचित्रांवर जाहीर शंका घेतल्यावर तो शिकागोत त्याच संस्थेच्या माणसांसमोर उघडण्यात आला. आतल्या पेट्या वरून पोकेमॉनच्या दिसत होत्या आणि त्यांत भरलेली कार्डे होती जी. आय. जो या अमेरिकी खेळण्यांच्या मालिकेची. खोका न उघडता खरा ठरवायचा तर त्याची बाहेरची बाजू पाहण्यापलीकडे कोणीच काही करू शकत नाही. खोका उघडला की बंद खोका म्हणून असलेली त्याची किंमत जाते आणि उघडला नाही तर आत काय आहे ते कळत नाही. सीलबंद मालाच्या धंद्यातली ही गाठ कोणत्याही प्रमाणपत्राने सुटत नाही.

ग्रेडिंग : गुण कसे मिळतात आणि कवच कसे तपासावे

ग्रेडिंग म्हणजे कार्ड एका त्रयस्थ संस्थेकडे पाठवायचे. ती ते खरे आहे का, त्याला छाटलेले किंवा रंगवलेले आहे का हे पाहते, त्याच्या अवस्थेला एक ते दहा गुण देते आणि मग कार्ड कठीण प्लास्टिकच्या कवचात बंद करते. या कवचाला संग्राहक स्लॅब म्हणतात. 1991 साली सुरू झालेली पीएसए ही यातली सर्वांत नावाजलेली संस्था. बेकेट आणि सीजीसी या दुसऱ्या दोन मोठ्या संस्था.

गुण चार गोष्टींवर ठरतात : चित्र मधोमध छापले आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडांवर पांढरे टवके उडाले आहेत का आणि पृष्ठभागावर ओरखडे किंवा छपाईच्या रेषा आहेत का. यातली पहिली गोष्ट आपण घरी पट्टीने मोजू शकतो. समजा, एका जुन्या कार्डाचा डावा काठ 3 मिलिमीटर आणि उजवा 2 मिलिमीटर आहे. दोन्ही मिळून पाच, त्यातले तीन डावीकडे, म्हणजे साठ टक्के डावीकडे आणि चाळीस उजवीकडे. पीएसएमध्ये दहापैकी दहा मिळवायला पुढच्या बाजूला हे प्रमाण साधारण पंचावन्न-पंचेचाळीसच्या आत असावे लागते. तेवढ्याच रुंदीत ते 2.75 आणि 2.25 मिलिमीटर होते. म्हणजे छापखान्यात कागद फक्त पाव मिलिमीटर सरकल्यामुळे कार्ड दहाच्या पंक्तीतून उठते, मग त्याचे कोपरे कितीही कोरे असोत. नऊ आणि दहा गुणांच्या एकाच कार्डाच्या किमती अनेकदा दुपटीहून अधिक वेगळ्या असतात, म्हणून पाठवण्याआधी पट्टी घेऊन बसणे फायद्याचे ठरते. भारतातून कार्ड पाठवताना ग्रेडिंगच्या शुल्कात जाण्यायेण्याचा खर्च, विमा, सीमाशुल्क आणि बहुधा मध्यस्थाचे पैसे मिळवावे लागतात. माझ्या मते नऊ गुण मिळाले तरी हा सगळा खर्च भरून निघेल असेच कार्ड पाठवावे. दहाच्या आशेवर पाठवू नये.

आता कवचातले कार्ड विकत घेताना काय पाहावे ते सांगतो. स्लॅबच्या पट्टीवर एक क्रमांक असतो आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की कार्डाचे नाव, वर्ष आणि गुण दिसतात. बहुतेक लोक इथेच समाधानी होतात आणि नकली स्लॅब बनवणाऱ्याला हे नेमके ठाऊक असते. तो मनाचा क्रमांक छापत नाही. इंटरनेटवर विक्रीला असलेल्या एखाद्या खऱ्या स्लॅबच्या छायाचित्रातून क्रमांक उचलतो आणि आपल्या नकली कवचावर टाकतो. तुम्ही तपासले की सारे जुळते, कारण तो क्रमांक खराच आहे, फक्त तो दुसऱ्या कुठल्यातरी कार्डाचा आहे.

त्यामुळे क्रमांकापाशी न थांबता संस्थेच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाचे छायाचित्र असेल तर ते उघडावे आणि हातातल्या कार्डाशी ताडून पाहावे. प्रत्येक कार्डाला स्वतःच्या खुणा असतात. काठांची रुंदी किती आणि कोणत्या बाजूला जास्त, जुन्या चमकदार कार्डात चकाकीतले तारे आणि वर्तुळे चित्राच्या कोणत्या भागावर आली आहेत, एखादी छपाईची रेघ कुठे आहे, या गोष्टी दोन कार्डांत सहसा सारख्या येत नाहीत. 1999 च्या चारिझार्डमध्ये पंखाशेजारी चकाकीचा तारा कुठे आहे एवढे पाहिले तरी पुष्कळदा उलगडा होतो. नंतर कवचाच्या कडा बघाव्यात. खरे कवच ध्वनिलहरींच्या कंपनाने वितळवून जोडलेले असते. ते फोडून आतले कार्ड बदलले असेल तर जोडावर पांढुरकी झाक, चिरा किंवा गोंदाचे डाग दिसतात. तोच क्रमांक दुसरीकडे कुठे विक्रीला आहे का, हेही शोधून पाहावे. एकच क्रमांक दोन शहरांत विकला जात असेल तर निदान एक स्लॅब खोटा आहे.

आणि संस्था स्वतः चुकू शकते. 2025 च्या सुरुवातीला संग्राहकांच्या हे लक्षात आले की 1996 च्या आसपासचे, खेळ बाजारात येण्यापूर्वीचे नमुने म्हणून सीजीसीने प्रमाणित केलेल्या काही कार्डांवर फिकट पिवळे सूक्ष्म ठिपके आहेत. अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर असे ठिपके छापतात. त्यांत यंत्राचा क्रमांक आणि छपाईची तारीख सांकेतिक रूपात असते. काही कार्डांवरचे ठिपके उलगडले तेव्हा छपाईचे वर्ष निघाले 2024. ही कार्डे त्याआधी मोठमोठ्या किमतींना विकली गेली होती. ज्यांनी हे शोधले त्यांच्याकडे खास प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी कार्डांच्या मोठ्या छायाचित्रांतला निळा रंग वेगळा काढून पाहिला, कारण पिवळे ठिपके त्यात गडद दिसतात.

प्रत्यक्ष व्यवहार

भाच्याला शेवटी खरे 199/165 हवे होते. त्यासाठी त्याने आणि मी जे केले ते असे. आधी आम्ही ते कार्ड गेल्या महिन्यात प्रत्यक्षात कितीला विकले गेले ते पाहिले. विक्रेते काय मागतात ते पाहून उपयोग नसतो, कारण मागण्याला मर्यादा नसते. मग त्या किमतीच्या निम्म्याने देणारे सारे बाजूला काढले. खरे कार्ड हाती असलेल्या माणसाला ते बाजारभावाला कुठेही विकता येते, त्यामुळे तो अनोळखी माणसाला अर्ध्या किमतीत देईल याला काही कारण लागते, आणि असे पटणारे कारण मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

उरलेल्यांपैकी दोघांकडे आम्ही चार छायाचित्रे मागितली : पुढची बाजू, मागची बाजू, उजेडाला तिरके धरून पोत दिसेल असे एक, आणि कार्डाशेजारी त्या दिवसाची तारीख व आपले नाव हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवून एक. शेवटचे छायाचित्र महत्त्वाचे, कारण पहिली तीन दुसऱ्या कोणाच्या पानावरून उचलता येतात. पहिल्या विक्रेत्याने चिठ्ठीची गोष्ट टाळली आणि "आज रात्री दुसरा घेऊन जाईल" असे सांगितले, तेव्हा आम्ही त्याला तो दुसरा ग्राहक मिळू दिला. दुसऱ्याने तासाभरात चारही पाठवली. पैसे आम्ही थेट त्याच्या खात्यावर न टाकता, माल परत करण्याची आणि पैसे अडवून ठेवण्याची सोय असलेल्या ठिकाणातून दिले. अनोळखी माणसाला यूपीआयने पाठवलेले पैसे परत मिळवणे फार अवघड असते आणि नकली माल विकणारे म्हणूनच त्याचा आग्रह धरतात.

पार्सल आले तेव्हा भाच्याने मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून चित्रीकरण सुरू केले आणि मगच कात्री घेतली. कार्ड बाहेर काढून त्याने आधी कड पाहिली, मग भिंगाखाली अक्षरे, मग खिडकीपाशी जाऊन ते तिरके धरले. ज्वाळांच्या रेषा वळत गेल्या. तरीही त्याने शेजारी ठेवलेले ते साधे, अगदी सामान्य कार्ड उचलले आणि दोन्हींच्या मागच्या बाजूचा निळा रंग एकमेकांशी ताडून पाहिला, कारण नकली कार्डांत हा निळा बऱ्याचदा जांभळट किंवा फिका उतरतो. दोन्ही निळे सारखेच होते. चारिझार्ड त्याने जाड प्लास्टिकच्या पाकिटात ठेवले आणि ते साधे कार्ड भिंगासोबत पुढच्या खरेदीसाठी खणात टाकले.